खो-खोचं मैदान कसं आखायचं: खांबापासून सुरुवात आणि सलग माप

मैदान आखायला पहिल्यांदाच उतरलेला माणूस बहुतेक वेळा कोपऱ्यापासून सुरुवात करतो. एका कोपऱ्यात खुंटी ठोकायची, 27 मीटर टेप ओढायचा, तिथून 16 मीटर, आणि असा आयत बंद करायचा. शेवटची बाजू जुळत नाही, मग एखादी खुंटी थोडी सरकवायची. मीही सुरुवातीला हेच करायचो. कबड्डीला किंवा व्हॉलीबॉलला हे खपून जाईल, कारण तिथे आतल्या रेषा मोजक्याच असतात. खो-खोत दोन खांबांमध्ये आठ आडव्या पाट्या असतात, आणि आयत थोडा जरी तिरका गेला तरी त्या आठही पाट्या तिरक्या जातात. म्हणून या मैदानाची आखणी कोपऱ्यापासून करायची नाही. ती दोन खांबांना जोडणाऱ्या मधल्या रेषेपासून करायची. ही एक सवय लागली की निम्मी भानगड संपते.

आधी मापं. पुरुष, महिला आणि मोठ्या गटातल्या मुलामुलींचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. लांबीच्या दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचं मुक्त क्षेत्र सोडलं की मध्ये उरतात 24 मीटर. हे दोन खांबरेषांमधलं अंतर. या 24 मीटरमधून 30 सेंटीमीटर रुंदीची मध्यपाटी जाते. तिला काटकोनात छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या प्रत्येकी 35 सेंटीमीटर रुंद आणि मैदानाच्या पूर्ण रुंदीइतक्या, म्हणजे 16 मीटर लांब असतात. खांबरेषेपासून पहिली पाटी 2.55 मीटरवर येते आणि दोन पाट्यांमध्ये 2.30 मीटर मोकळी जागा राहते. मैदानाभोवती चारही बाजूंनी दीड मीटरची लॉबी लागते, म्हणून जागा बघताना 27 बाय 16 नव्हे, 30 बाय 19 मीटर मोकळी आहे का ते बघा. झाड, नळाचा चौथरा, कुंपणाची तार असलं काही त्या पट्ट्यात नको.

आता एक बेरीज करून बघा, कारण पुढे ती फार उपयोगी पडते. दोन टोकांची 2.55 मिळून 5.10 मीटर. सात मोकळ्या जागा 2.30 च्या, म्हणजे 16.10. आठ पाट्या 0.35 च्या, म्हणजे 2.80. एकूण बरोबर 24.00. ही बेरीज लक्षात ठेवायचं कारण असं की जुन्या पुस्तकांत आणि जुन्या सरांच्या वह्यांत वेगळी मापं सापडतात. तेव्हा मैदान 29 मीटर लांब होतं, मुक्त क्षेत्र 2.75 मीटरचं होतं आणि खांबांमधलं अंतर साडेतेवीस. पाटी 30 सेंटीमीटरची आणि पहिली पाटी अडीच मीटरवर. तीही बेरीज आपल्या जागी चोख जमते: 5.00 अधिक 16.10 अधिक 2.40, म्हणजे 23.50. गोंधळ होतो तो दोन्ही संच एकत्र केल्यावर. खांब नव्या मापानं 24 मीटरवर आणि पाट्या जुन्या मापानं आखल्या की शेवटच्या पाटीनंतर अर्धा मीटर जास्त उरतो. आखणारा म्हणतो, टेप खराब आहे. टेप बिचारा बरोबर असतो. किशोर गटाचं मैदान यापेक्षा लहान असतं, त्याची मापं त्या स्पर्धेच्या पत्रकातून घ्या, आणि आधी हीच बेरीज करून मगच मैदानावर जा.

सामान फार लागत नाही. तीस मीटरचा टेप, शक्यतो स्टीलचा किंवा फायबरचा. कापडी टेप ओढला की ताणतो आणि ओला झाला की आणखी ताणतो. चाळीसेक मीटर न ताणणारी दोरी, वीसेक खुंट्या किंवा सळईचे तुकडे, हातोडा, पहार, फक्की आणि एक प्लायवूडचा तुकडा, ज्याबद्दल पुढे सांगतो. माणसं तीन हवीत. दोघांत काम होतं, पण टेपची दोन टोकं धरणारे दोघं आणि खुंटी ठोकणारा तिसरा असला की भांडणं कमी होतात. आणि काम सुरू करायच्या आधी टेपचं शून्य कुठे आहे ते तिघांनीही बघा. काही टेपांत शून्य कडीच्या टोकाला असतं, काहींत कडीनंतर पट्टीवर असतं. एकानं कडी धरली आणि दुसऱ्यानं पट्टी, तर प्रत्येक माप चार बोटं चुकतं, आणि चूक दोन्ही बाजूंना सारखी नसल्यामुळे ती शोधता शोधता दुपार होते.

जमीन आधी पाणी मारून, दाबून, खडे वेचून तयार असावी. मैदानाच्या लांबीची दिशा उत्तर-दक्षिण ठेवता आली तर चांगलं. संध्याकाळच्या सामन्यात दोन्ही खांबांपैकी एकाकडे धावताना थेट डोळ्यात सूर्य येत नाही.

पहिलं काम मधली रेषा. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेनं दोरी ताणा. ती मोकळ्या जागेपेक्षा दोन्हीकडे दोन मीटर लांब असू द्या. या दोरीवर एका टोकाला एक खुंटी ठोका, हिला आपण क म्हणू. क पासून दोरीच्या बाजूनं 24 मीटर मोजून दुसरी खुंटी ख. क आणि ख मधून दोन खांबरेषा जाणार. आता क मधून मधल्या दोरीला काटकोनात रेषा काढायची आहे, आणि इथे गवंडी जो गुण्या लावतो तोच लावायचा, फक्त मोठा. मैदानाची रुंदी 16 मीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला आठ मीटर. तीन-चार-पाचच्या त्रिकोणाची दुप्पट केली की सहा, आठ, दहा. म्हणून क पासून ख च्या दिशेनं मधल्या दोरीवर सहा मीटरवर एक खूण करा. आता क पासून आठ मीटर आणि त्या खुणेपासून दहा मीटर, ही दोन अंतरं जिथे एकमेकांना मिळतात तिथे खुंटी ठोका. तीच खांबरेषेचं एक टोक. दुसऱ्या बाजूलाही तसंच, आणि ख कडेही तसंच. म्हणजे काटकोनही मिळाला आणि बाजूच्या रेषेवरचा बिंदूही मिळाला, दोन्ही एकाच मापात. मला हे गणित एका गवंड्यानं दाखवलं. तोपर्यंत मी शाळेतला काटकोनी लाकडी त्रिकोण जमिनीवर ठेवून डोळ्यानं रेषा लांबवत होतो.

डोळ्यानं लांबवली तर काय होतं? कोनात एका अंशाची चूक झाली तर 16 मीटरच्या रुंदीत रेषा जवळजवळ 28 सेंटीमीटर सरकते. एक अंश डोळ्याला दिसत नाही. 28 सेंटीमीटर मात्र सामन्यात दिसतात, कारण आडवी पाटीच 35 ची आहे.

आता चार खांबरेषा-टोकांचा आयत तयार झाला, 24 बाय 16 चा. याचे दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी 28.84 मीटर यायला हवेत. सगळ्या मैदानाचा, म्हणजे 27 बाय 16 चा कर्ण 31.38 मीटर येतो आणि तीस मीटरचा टेप तिथे पोचत नाही. नवखा माणूस इथे अडतो आणि कर्ण न मोजताच पुढे जातो. खांबरेषांचा आयत तपासला की पुरेसं आहे, मुक्त क्षेत्र त्यालाच पुढे जोडायचं असतं. कर्ण मोजताना टेप जमिनीवर झोल न देता ओढा आणि दोन्ही वेळा सारख्याच ताकदीनं ओढा. दोन कर्णांत एक-दोन सेंटीमीटरचा फरक मातीच्या मैदानावर चालवून घ्यायला हरकत नाही. पाच सेंटीमीटरच्या वर गेला तर गुण्या परत लावा. कोपऱ्यातली एकच खुंटी सरकवून कर्ण जुळवायचा मोह होतो, तो टाळा. तसं केलं की कर्ण जुळतात, पण एक बाजू लांब आणि समोरची आखूड होते.

कर्ण जुळले की खांबरेषेच्या टोकांपासून बाहेरच्या दिशेनं दीड-दीड मीटर मोजून मैदानाचे खरे चार कोपरे मिळवा. बाजूच्या दोऱ्या ताणा. इथेच आणखी एक काम करून ठेवा, जे बहुतेक जण विसरतात. खांबरेषेची आणि मधल्या रेषेची दोरी लॉबीच्याही बाहेर वाढवून तिथे साक्षीच्या खुंट्या ठोका. आतल्या खुंट्या खड्डा खणताना, फक्की टाकताना, मुलं धावताना उपटल्या जाणारच. साक्षीच्या खुंट्या जागेवर असल्या की दोरी परत ताणायला दोन मिनिटं लागतात. या खुंट्या जमिनीच्या वर राहू देऊ नका, पूर्ण आत ठोका आणि जागा ओळखायला वर फक्कीचा ठिपका टाका.

आता खांब. लाकडी, गुळगुळीत, वर-खाली सारख्या जाडीचा, कडा मारलेला. जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटीमीटर. जाडी परिघानं मोजतात, कारण गोल खांबाभोवती दोरी गुंडाळणं सोपं असतं: परिघ 28.25 ते 31.40 सेंटीमीटर, म्हणजे व्यास नऊ ते दहा सेंटीमीटर. खांबाची जागा हा नवख्यांचा ठरलेला घोळ आहे. खांब खांबरेषेवर मधोमध उभा राहत नाही. तो मुक्त क्षेत्रात, खांबरेषेला बाहेरून टेकून उभा राहतो. म्हणजे खांबाचा मध्यबिंदू क खुंटीवर येत नाही, क पासून बाहेरच्या बाजूला अर्ध्या व्यासाइतका, साडेचार ते पाच सेंटीमीटर सरकतो. दोन खांबांच्या समोरासमोरच्या कडांमध्ये 24 मीटर भरले की काम झालं. दोन्ही खांब खुंटीवरच उभे केले तर हेच अंतर नऊ-दहा सेंटीमीटरनं कमी होतं.

खड्डा मी साधारण दोन फूट खोल घेतो. अरुंद घ्या, पहारीनं घ्या, कुदळीनं रुंद खड्डा केला की भर कितीही चोपली तरी खांब हलतो. उभा केल्यावर ओळंबा धरून दोन बाजूंनी बघा, एका बाजूनं बघून चालत नाही. भर थराथरानं टाका, प्रत्येक थर चोपा. उंची शेवटी, जमीन सारखी केल्यावर मोजा. एका तालुका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खांब 123 सेंटीमीटरवर बसवला, मग खांबाभोवती सैल माती राहिली म्हणून आणखी भर टाकून दाबली. सकाळी पंचांनी टेप लावला तर 118. त्या एका खांबापायी सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. खांब चांगला बसलाय की नाही ते बघायची सोपी तऱ्हा म्हणजे एका धावत्या मोठ्या मुलाला एका हातानं खांब धरून गिरकी मारायला सांगायची. सामन्यात आक्रमक तेच करणार असतो. पायथ्याशी मातीत भेग पडली तर परत चोपा.

मग मधल्या पाट्या. इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. आडव्या पाट्यांची जागा ठरवताना बहुतेक जण तुकड्या-तुकड्यानं मोजतात. खांबरेषेपासून 2.55, खूण. तिथून 35 सेंटीमीटर, खूण. तिथून 2.30, खूण. काही ठिकाणी तर 2.30 ची काठीच कापून ठेवलेली असते. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या मुलांनी अशा काठीनं मैदान आखलं होतं. बघायला गेलो तेव्हा पहिल्या बाजूनं सगळं सुबक दिसत होतं. शेवटच्या पाटीपासून खांबरेषेपर्यंतचं अंतर मात्र 2.55 ऐवजी 2.41 निघालं. काठी मोजली तर 2.32 ची. प्रत्येक मोकळ्या जागेत दोनच सेंटीमीटर जास्त, पण अशा सात जागा, म्हणून चौदा सेंटीमीटर शेवटच्या घरातून खाल्ले गेले. तिथला आक्रमक खांबापासून निघाला की दुसऱ्या बाजूपेक्षा चौदा सेंटीमीटर कमी अंतरात त्याची पाटी यायची.

म्हणून माप सलग घ्या. टेपचं शून्य क च्या खांबरेषेवर ठेवा, दुसरं टोक ख वर ओढून 24.00 बरोबर येतंय बघा, टेप तसाच ठेवून पुढच्या आकड्यांवर खुणा करत जा. प्रत्येक पाटीला दोन खुणा, सुरुवातीची आणि शेवटची:

पहिली 2.55 आणि 2.90
दुसरी 5.20 आणि 5.55
तिसरी 7.85 आणि 8.20
चौथी 10.50 आणि 10.85
पाचवी 13.15 आणि 13.50
सहावी 15.80 आणि 16.15
सातवी 18.45 आणि 18.80
आठवी 21.10 आणि 21.45

प्रत्येक सुरुवात आधीच्या सुरुवातीत 2.65 मिळवली की येते, त्यामुळे कागद वाऱ्यावर उडाला तरी मैदानावर उभं राहून आकडे परत काढता येतात. टेपवर 12.00 ला जी खूण येते ती मैदानाचा बरोबर मध्य. चौथ्या पाटीची शेवटची आणि पाचव्या पाटीची पहिली खूण तिथून दोन्हीकडे 1.15 मीटरवर असायला हवी. हे माप बरोबर आलं तर बाकीच्या खुणा बहुधा बरोबर असतात.

हीच सोळा मापं दोन्ही बाजूच्या रेषांवरही, खांबरेषेच्या टोकापासून सलग घ्या. म्हणजे तीन ओळी झाल्या: एक मधली आणि दोन बाजूच्या. आता आडव्या पाटीची दोरी एका बाजूच्या खुणेपासून समोरच्या बाजूच्या खुणेपर्यंत ताणा. ती मधल्या खुणेवरून जायला हवी. गेली नाही तर फक्की टाकू नका, तीनपैकी कुठली खूण चुकली ते शोधा. बहुतेक वेळा बाजूच्या रेषेवर टेपचं शून्य खांबरेषेऐवजी मैदानाच्या कोपऱ्यावर धरलेलं असतं आणि सगळ्या खुणा दीड मीटरनं सरकलेल्या असतात.

मध्यपाटीसाठी मधल्या दोरीच्या दोन्ही बाजूंना 15-15 सेंटीमीटर. म्हणजे बाजूच्या रेषेपासून मध्यपाटीपर्यंत प्रत्येक बाजूला 7.85 मीटर उरतात, आणि हेही माप दोन-तीन ठिकाणी तपासून घ्या. पाट्या एकमेकींना छेदतात तिथे आठ चौकोन तयार होतात, बसणाऱ्या आक्रमकांचे. त्यांना आपण सगळे चौरस म्हणतो, पण ते चौरस नाहीत, 30 बाय 35 चे आयत आहेत. त्या प्लायवूडच्या तुकड्याचा उपयोग इथे. तो बरोबर 30 बाय 35 चा कापून घ्या आणि त्याच्यावर मैदानाच्या लांबीची दिशा दाखवणारा बाण रंगवा. बाणाच्या दिशेनं 35, आडव्या दिशेनं 30. बाण नसेल तर आठपैकी एक-दोन तरी आडवे आखले जातात, आणि ते आखणाऱ्याला दिसत नाही, खेळणाऱ्याच्या गुडघ्याला कळतं.

नवीन मुलं विचारतात की चौकोन तर मध्येच आहेत, मग आडव्या पाट्या थेट बाजूच्या रेषेपर्यंत कशाला ओढायच्या. त्या पंचांसाठी असतात. आक्रमक संरक्षकामागे धावत एखादी आडवी पाटी ओलांडून पुढे गेला आणि मग मागे फिरून त्या पाटीवर बसलेल्याला खो दिला, तर तो फाऊल. आक्रमक मध्यपाटीपासून चार मीटर लांब असतानाही त्याचा पाय पाटीच्या पुढे गेला की नाही हे पंचाला ठरवावं लागतं, आणि ते फक्त जमिनीवरच्या रेषेवरून ठरतं. म्हणून मध्यपाटीजवळ ठळक आणि कडेला पुसट अशी पाटी कामाची नाही. मुक्त क्षेत्राचंही तसंच. आक्रमकाला दिशा बदलायची मोकळीक खांबरेषेच्या पलीकडेच आहे, त्यामुळे खांबरेषा पूर्ण 16 मीटर स्पष्ट हवी, नुसती खांबाच्या आजूबाजूला नको.

फक्की टाकताना दोरी ताणलेलीच ठेवा. रेषेलाही जाडी असते आणि ती दोरीच्या कुठल्या बाजूला टाकायची हे आधी ठरवा. मी नेहमी आतल्या बाजूला टाकतो: पाटीच्या दोन्ही रेषा 35 सेंटीमीटरच्या आत, खांबरेषा 24 मीटरच्या आत, बाहेरच्या रेषा 27 बाय 16 च्या आत. काही रेषा आत आणि काही बाहेर गेल्या की पाटी कुठे 35 ची, कुठे 41 ची होते. एकूण रेषांची लांबी मी एकदा मोजली होती. बाहेरच्या 86 मीटर, दोन खांबरेषा 32, मध्यपाटी 48, आणि आडव्या पाट्यांच्या सोळा रेषा मिळून 256. सगळं मिळून 422 मीटर, लॉबी सोडून. म्हणजे निम्म्याहून जास्त फक्की आडव्या पाट्यांत जाते, आणि ती नेमकी सहाव्या-सातव्या पाटीवर संपते. फक्की त्या हिशोबानं आणा.

टाकायचा क्रम आतून बाहेर. आधी आठ चौकोन, मग मध्यपाटी, मग आडव्या पाट्या मध्यापासून कडेकडे, मग खांबरेषा आणि शेवटी बाहेरचा आयत. उलट केलं तर आतल्या पाट्या आखताना बाहेरच्या रेषा पायांनी पुसल्या जातात. जमीन किंचित ओली असताना टाकलेली फक्की धरून राहते, सुक्या मातीवर पहिल्याच डावात उडते. चिखल असेल तर मात्र थांबा, ओल्या फक्कीवर पाय पडला की ती घसरते.

सामन्याच्या सकाळी सगळं परत मोजायची गरज नसते. दोन्ही खांबांची उंची, दोन खांबांच्या आतल्या कडांमधले 24 मीटर, 12 मीटरच्या खुणेपासून दोन्हीकडचे 1.15, आणि आठही चौकोनांवर ती प्लायवूडची फळी एकदा ठेवून बघा. चौकोनांत बसून-उठून सरावात खळगे पडलेले असतात. ते ओल्या मातीनं भरून, चोपून, त्यावर फक्की पुन्हा मारा.